आजवर आणि तेव्हा : अनुभव सांगताना इंग्रजीतील दोन काळांची निवड

मित्रहो, इंग्रजी शिकलेल्या बहुतेक मराठी माणसांना साधा भूतकाळ आणि पूर्ण वर्तमानकाळ, म्हणजे वर्गात आपण ज्यांना सिम्पल पास्ट आणि प्रेझेंट परफेक्ट म्हणतो ते दोन काळ, पाहताक्षणी ओळखता येतात. ‘आय सॉ’ कोणता आणि ‘आय हॅव सीन’ कोणता, हे सांगायला कोणी अडत नाही. अडचण येते ती निवडीची. प्रश्नपत्रिकेत रिकाम्या जागेशेजारी ‘यस्टरडे’ छापलेले असते, त्यामुळे तिथे साधा भूतकाळ आपोआप लिहिला जातो. स्वतःविषयी बोलताना मात्र शेजारी काहीच छापलेले नसते. आपण काय काय केले आहे, कुठे काम केले आहे, कोणाला भेटलो आहोत हे सांगू लागलो की प्रत्येक क्रियापदापाशी निवड करावी लागते आणि तिथे पाठ केलेला नियम फारसा उपयोगी पडत नाही. पूर्ण वर्तमानकाळाची इतर कामेही आहेत. नुकतीच घडलेली गोष्ट त्याने सांगता येते, एखाद्या कृतीचा आज दिसणारा परिणामही सांगता येतो. ती कामे मी आज बाजूला ठेवणार आहे आणि केवळ अनुभव सांगण्यापुरते बोलणार आहे, कारण मराठी बोलणाऱ्याची खरी गफलत होते ती तिथेच.

ही गफलत समजून घ्यायची तर सुरुवात मराठीपासून करावी लागेल. एखादा अनुभव सांगण्यासाठी आपल्याकडे किमान तीन घडणी आहेत. ‘मी ते नाटक पाहिले’ ही पहिली, ‘मी ते नाटक पाहिले आहे’ ही दुसरी आणि ‘मी ते नाटक पाहिले होते’ ही तिसरी. दुसऱ्या घडणीला आणखी एक जुळे रूप आहे, ‘पाहिलेले आहे’. अनुभव गाठीशी आहे, तो आता आपल्याजवळ जमा आहे, हा अर्थ या रूपात अधिक ठळक होतो. इंग्रजीतील ‘आय हॅव सीन दॅट प्ले’ याला सर्वांत जवळचे मराठी रूप कोणते, असे मला कोणी विचारले तर मी ‘पाहिले आहे’ असे न म्हणता ‘पाहिलेले आहे’ असे म्हणेन.

रूपे जवळची असली तरी त्यांचे नियम जवळचे नाहीत. ‘शाळेत असताना मी हे नाटक पाहिलेले आहे’ हे वाक्य मराठीत अगदी निर्दोष आहे. ‘मी ती परीक्षा २०१५ साली दिलेली आहे’ किंवा ‘मी त्यांना काल सांगितले आहे’ ही वाक्येही कोणाला खटकणार नाहीत. म्हणजे मराठीचा पूर्ण वर्तमानकाळ घटना घडल्याचा दिवस, महिना, साल सगळे आपल्याबरोबर वागवू शकतो. इंग्रजीचा पूर्ण वर्तमानकाळ ते वागवू शकत नाही. ‘आय हॅव सीन धिस प्ले व्हेन आय वॉज इन स्कूल’ किंवा ‘आय हॅव टोल्ड हिम यस्टरडे’ ही वाक्ये आपण म्हणतो ती व्याकरण विसरून नव्हे, तर मराठीचे व्याकरण नेमकेपणाने पाळून. यात मराठी एकटी नाही. जर्मन आणि फ्रेंच भाषांमध्येही ‘हॅव’सारख्या साहाय्यक क्रियापदाने बनलेले रूप ‘काल’ या शब्दाबरोबर खुशाल नांदते. या बाबतीत उलट इंग्रजीच हटवादी आहे, आणि तिचा हट्ट का आहे हे एकदा कळले की पाठांतराची गरज बरीच कमी होते.

या हट्टाचे एक चांगले स्पष्टीकरण हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाने १९४७ साली मांडले. एरवी आपण काळाचा विचार दोन बिंदूंनी करतो : घटना घडली तो क्षण आणि आपण बोलतो आहोत तो क्षण. रायशेनबाखने यात तिसरा बिंदू आणला, तो म्हणजे ज्या क्षणावर उभे राहून आपण त्या घटनेकडे पाहतो तो क्षण. ‘आय सॉ द प्ले’ म्हणणारा मनाने भूतकाळात गेलेला असतो आणि नाटक पाहिले त्या वेळेवरच उभा राहून बोलतो. ‘आय हॅव सीन द प्ले’ म्हणणारा आजच्या क्षणावरून हलतच नाही. घटना दोन्ही वाक्यांत तेवढीच जुनी असू शकते, दहा वर्षांपूर्वीची किंवा कालची. फरक पडतो तो बोलणाऱ्याच्या उभे राहण्याच्या जागेत. ‘जुनी घटना असेल तर साधा भूतकाळ आणि ताजी असेल तर पूर्ण वर्तमानकाळ’ असे जे सांगितले जाते ते अनुभवाच्या बाबतीत म्हणूनच फसवे ठरते. लहानपणी केलेल्या गोष्टीबद्दल ‘आय हॅव डन इट’ म्हणता येते आणि पाच मिनिटांपूर्वीच्या गोष्टीबद्दल ‘आय डिड इट’ म्हणावे लागू शकते.

ज्यांना बिंदूंची ही भाषा कोरडी वाटते त्यांनी खातेवही आठवावी. तिच्यात तारीखवार नोंदी असतात आणि शेवटी आजची शिल्लक असते. साधा भूतकाळ ही नोंद आहे, तिला तारीख लागतेच, मग ती लिहिलेली असो की दोघांना ठाऊक असल्यामुळे न लिहिलेली असो. पूर्ण वर्तमानकाळ ही शिल्लक आहे. शिल्लक अनेक जुन्या नोंदींतून आलेली असते, पण आकडा आजचा असतो, आणि आजच्या शिलकेपुढे कोणी मागची तारीख टाकत नाही. ‘आय हॅव टोल्ड हिम यस्टरडे’ हे वाक्य इंग्रजी कानाला खटकते ते यासाठीच. पहिले तीन शब्द शिल्लक सांगत असतात आणि शेवटचा शब्द तिच्यावर कालची तारीख टाकतो.

यातून बोलता बोलता वापरता येईल अशी एक कसोटी निघते, आणि ती मराठीतच आहे. जे सांगायचे आहे ते मनात मराठीत म्हणावे आणि त्यात ‘आजवर’ हा शब्द बसतो की ‘तेव्हा’ हा शब्द बसतो ते पाहावे. ‘आजवर मी मोठ्या गटाबरोबर काम केलेले आहे’ हे बसते, म्हणून ‘आय हॅव वर्क्ड विथ अ लार्ज टीम’. ‘तेव्हा आम्ही वीस जण होतो’ हे बसते, म्हणून ‘देअर वर ट्वेंटी ऑफ अस’. दोन्ही शब्द बसत असतील तर दोन्ही काळ शक्य आहेत आणि निवड बोलणाऱ्याच्या हेतूवर राहते. येथे एक पथ्य मात्र पाळावे. कसोटी लावताना क्रियापदापुढचा ‘आहे’ ऐकू नये. त्या ‘आहे’चे भाषांतर ‘हॅव’ असे करण्याची सवयच आपल्याला अडचणीत आणते. ऐकायचे ते फक्त वेळ दाखवणारे शब्द, आणि ते उच्चारलेले नसतील तर मनात धरलेले.

मनात धरलेली वेळ हा या विषयातील सर्वांत अवघड भाग आहे आणि पाठ्यपुस्तके नेमकी तिथेच घाईने पुढे जातात. ‘यस्टरडे’, ‘लास्ट इयर’, ‘अगो’ यांची यादी देऊन ती थांबतात. प्रत्यक्ष संभाषणात अशी वेळ बहुतेकदा एकदाच सांगितली जाते, कित्येकदा तर सांगितलीही जात नाही, आणि तरीही पुढची सगळी वाक्ये तिच्या अमलाखाली असतात. समजा, मी म्हणालो, ‘आय हॅव मेट हर’. समोरच्याने विचारले, ‘व्हेअर डिड यू मीट हर?’ त्याने वेळेचा एकही शब्द वापरलेला नाही, तरी तो साध्या भूतकाळात गेला. याचे कारण असे की भेट झाली हे माझ्या वाक्यातून त्याला कळले आणि आता तो त्या एका ठरावीक भेटीबद्दल विचारतो आहे. भेट ठरावीक झाली की तिची वेळही ठरावीक होते, मग ती त्याला माहीत असो वा नसो. अशा वेळी त्याने ‘व्हेअर हॅव यू मेट हर?’ असे विचारले तर ऐकणारा क्षणभर अडखळतो, कारण त्याचा अर्थ ‘आजवर तुम्ही तिला कोणकोणत्या ठिकाणी भेटला आहात’ असा काहीसा होतो.

अनुभवविषयक इंग्रजी संभाषण बहुधा याच क्रमाने चालते. अनुभव आहे की नाही हे पूर्ण वर्तमानकाळात विचारले जाते, त्याच काळात ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येते, आणि पहिला तपशील तोंडातून बाहेर पडताच दोघेही साध्या भूतकाळात उतरतात. पुन्हा आजच्या स्थितीबद्दल बोलायचे असेल तेव्हाच ते पूर्ण वर्तमानकाळात परत येतात. एकेक वाक्य सुटे तपासण्यापेक्षा हे उतरणे आणि वर येणे ओळखणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. सुट्या वाक्यात दोन्ही काळ बरोबर असू शकतात, चूक दिसते ती दोन वाक्यांच्या सांध्यावर.

आता एक प्रसंग सविस्तर पाहू. एक परिचारिका नोकरीच्या मुलाखतीला बसली आहे. तिने अतिदक्षता विभागात २०१८ ते २०२० अशी दोन वर्षे काम केले, नंतर ती सर्वसाधारण विभागात गेली आणि आजही तिथेच आहे. मुलाखत घेणारा विचारतो, ‘हॅव यू एव्हर वर्क्ड इन इंटेन्सिव्ह केअर?’ ती उत्तर देते : ‘येस, आय हॅव वर्क्ड इन इंटेन्सिव्ह केअर फॉर टू इयर्स. आय हॅव जॉइन्ड इन २०१८. आय हॅड लुक्ड आफ्टर पेशंट्स ऑन व्हेंटिलेटर्स. वन नाइट द पॉवर हॅज फेल्ड अँड आय हॅव कॉल्ड द डॉक्टर.’

हे उत्तर कळत नाही असे कोणी म्हणणार नाही. पण ऐकणाऱ्याने त्यातून काय काय समजून घेतले ते पाहा. पहिले वाक्य चुकीचे इंग्रजी नाही, ते चुकीची माहिती आहे. ‘हॅव वर्क्ड’बरोबर ‘फॉर टू इयर्स’ असा कालावधी आला की ऐकणारा बहुतेकदा असे धरतो की दोन वर्षांपूर्वी सुरू झालेले काम अजून चालू आहे. म्हणजे ही बाई सध्या अतिदक्षता विभागात आहे, असा त्याचा समज झाला. पुढच्या वाक्यात तो ‘२०१८’ ऐकतो आणि त्याचा हिशेब जुळेनासा होतो, कारण २०१८ पासून आजपर्यंत दोनच वर्षे झालेली नाहीत. त्याच वाक्यातले ‘हॅव जॉइन्ड’ हे साल अंगावर घेऊन आले आहे, म्हणून ते व्याकरणानेही खटकते.

तिसऱ्या वाक्यातील ‘हॅड लुक्ड आफ्टर’ हे खास आपले आहे. ‘मी तेव्हा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांची काळजी घेतली होती’ या मराठी वाक्याचा तो थेट उतारा आहे. मराठीतला ‘होतो-होती’ लावलेला पूर्ण भूतकाळ पुष्कळदा एवढेच सांगतो की गोष्ट मागे पडली आहे, आता तिचा संबंध संपला आहे. ‘मी काल त्यांना भेटलो होतो’ या वाक्यात भेटीनंतर घडलेल्या दुसऱ्या कोणत्याही घटनेची अपेक्षा नसते. इंग्रजीचा पूर्ण भूतकाळ मात्र दुसरी घटना मागतोच. ‘हॅड लुक्ड आफ्टर’ ऐकले की ऐकणारा ‘कशाच्या आधी?’ याची वाट पाहू लागतो, आणि ते ‘आधी’ येतच नाही. ‘द डॉक्टर हॅड लेफ्ट व्हेन आय कॉल्ड’ या वाक्यात ते आले आहे : मी फोन केला त्याच्या आधीच डॉक्टर निघून गेले होते. अशी जोडी नसेल तर मराठीतील ‘भेटलो होतो’, ‘गेलो होतो’, ‘पाहिले होते’ या सर्वांना इंग्रजीत साधा भूतकाळच लागतो. माझ्या मते पूर्ण वर्तमानकाळाच्या गैरवापरापेक्षाही हा ‘हॅड’ मराठी बोलणाऱ्याच्या इंग्रजीत अधिक खोल रुजलेला आहे, आणि तो क्वचितच कोणी दुरुस्त करतो, कारण ऐकायला तो भारदस्त वाटतो.

चौथ्या वाक्यात ‘वन नाइट’ म्हणताच दृश्य उभे राहिले. एक विशिष्ट रात्र आली. तिची तारीख सांगितलेली नाही, तरी ती ठरावीक रात्र आहे. तिच्यात ‘आजवर’ला जागा नाही, म्हणून ‘हॅज फेल्ड’ आणि ‘हॅव कॉल्ड’ दोन्ही जातात. गोष्टीच्या स्वरूपात जे जे सांगायचे असते, एकामागून एक घडलेल्या घटना जिथे येतात, तिथे पूर्ण वर्तमानकाळ चालत नाही. शिल्लक एक असते, तिच्यातून क्रम सांगता येत नाही. हे झाले, मग ते झाले, असे म्हणायचे असेल तर नोंदींकडेच जावे लागते.

आता तेच उत्तर नीट बांधून पाहू. ‘येस, आय हॅव. आय वर्क्ड इन इंटेन्सिव्ह केअर फ्रॉम २०१८ टू २०२०. आय लुक्ड आफ्टर पेशंट्स ऑन व्हेंटिलेटर्स. वन नाइट द पॉवर फेल्ड, अँड आय कॉल्ड द डॉक्टर. आय हॅव नॉट वर्क्ड इन इंटेन्सिव्ह केअर सिन्स देन, बट आय हॅव हँडल्ड सेव्हरल इमर्जन्सीज इन द जनरल वॉर्ड.’ पहिल्या दोन शब्दांच्या ‘आय हॅव’मध्ये अनुभव जमा असल्याचे सांगून झाले. प्रश्न ज्या काळात आला त्याच काळात हे छोटे उत्तर दिले की पुढे मोकळेपणाने साध्या भूतकाळात जाता येते. मधली सर्व वाक्ये त्या दोन वर्षांच्या आत राहतात. ‘सिन्स देन’पाशी ती पुन्हा वर येते, कारण ‘सिन्स’ तेव्हापासून आजपर्यंतची सलग लांबी मोजतो. शेवटी आलेल्या ‘हॅव हँडल्ड सेव्हरल इमर्जन्सीज’मध्ये कोणतीही एक घटना डोळ्यांसमोर नाही, अनेक घटनांची आजवरची बेरीज आहे. उमेदवाराने येथे थांबावे. मुलाखत घेणाऱ्याला त्यातली एखादी घटना ऐकायची असेल तर तो ‘व्हॉट हॅपन्ड?’ असे विचारेल आणि दोघे पुन्हा खाली उतरतील.

कालावधीचा मुद्दा थोडा आणखी पाहायला हवा, कारण अनुभवाची लेखी माहिती देताना त्याने प्रत्यक्ष नुकसान होऊ शकते. ‘आय हॅव वर्क्ड इन टू हॉस्पिटल्स’ या वाक्यात नोकरी चालू आहे की सुटली आहे याबद्दल काहीच म्हटलेले नाही, ही नुसती बेरीज आहे आणि दोन्ही परिस्थितींत ती खरी असू शकते. ‘आय हॅव वर्क्ड इन धिस हॉस्पिटल फॉर फाइव्ह इयर्स’ याने मात्र मी आजही येथेच आहे असा समज होतो. नोकरी सोडलेली असेल तर ‘आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ असेच लिहायला हवे. उलट बाजूने, नोकरी चालू असताना ‘आय वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ लिहिणाऱ्याने ती सोडली असे वाचणारा समजतो. मराठीत चालू कामासाठी आपण वर्तमानकाळच वापरतो. ‘मी पाच वर्षे येथे काम करतो आहे’ यात भूतकाळाचा लवलेश नाही, म्हणून त्याचे ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ होते. त्याच्या जागी ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ लागते. ‘फॉर’ लांबीपुढे येतो आणि ‘सिन्स’ आरंभबिंदूपुढे, म्हणजे ‘सिन्स २०१९’.

यापुढचा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. शिल्लक आजची म्हटल्यावर खातेही आज चालू असायला हवे. भाषाशास्त्रात गाजलेले एक उदाहरण यासंबंधी आहे. आइनस्टाइन प्रिन्स्टनला वास्तव्याला होता आणि १९५५ साली तिथेच वारला, ही सर्वज्ञात गोष्ट आहे. तरीही ‘आइनस्टाइन हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन’ हे वाक्य इंग्रजी भाषकाला विचित्र वाटते, कारण अनुभव ज्याच्या नावावर जमा करायचा तो माणूस आज हयात नाही. हेच वाक्य प्रिन्स्टनच्या बाजूने फिरवून ‘प्रिन्स्टन हॅज बीन व्हिजिटेड बाय आइनस्टाइन’ असे केले की विचित्रपणा बराच ओसरतो, कारण गाव अजून जागेवर आहे. दिवंगत आजोबांविषयी ‘माय ग्रँडफादर हॅज ट्रॅव्हल्ड अ लॉट’ म्हणणारा ऐकणाऱ्याला आजोबा हयात असल्याचे नकळत सांगतो. ‘माय ग्रँडफादर ट्रॅव्हल्ड अ लॉट’ हे तिथे योग्य. मराठीत ‘आजोबांनी खूप प्रवास केलेला आहे’ हे ते गेल्यानंतरही आपण म्हणतो आणि त्यात कोणाला विसंगती दिसत नाही.

माणूस हयात असला तरी संधी संपलेली असू शकते. एखादे प्रदर्शन अजून चालू असेल तर ‘हॅव यू सीन इट?’ असे विचारतात आणि बंद झाले असेल तर ‘डिड यू सी इट?’ असे विचारतात. यामुळेच ‘एव्हर’ दिसला की पूर्ण वर्तमानकाळ, ही वर्गात शिकवली जाणारी खूणही पूर्ण भरवशाची नाही. ‘व्हेन यू लिव्हड अब्रॉड, डिड यू एव्हर फील लोनली?’ या प्रश्नात ‘एव्हर’ आहे, पण तो परदेशातल्या त्या संपलेल्या काळाच्या आतला आहे. ‘थ्री टाइम्स’चेही तसेच. ‘आय हॅव बीन देअर थ्री टाइम्स’ ही आजवरची बेरीज झाली, तर ‘आय वेंट देअर थ्री टाइम्स दॅट इयर’ ही एका बंद वर्षातली. खुणेचा शब्द कोणता आहे हे पाहण्यापेक्षा तो कोणत्या कालखंडावर पसरला आहे आणि तो कालखंड आजला येऊन टेकतो की आधीच मिटतो, हे पाहावे लागते.

नकाराच्या वाक्यांत हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. ‘आय हॅव नॉट ॲप्लाइड’ म्हणजे मी अजून अर्ज केलेला नाही, मुदत संपलेली नाही, कदाचित करीन. ‘आय डिड नॉट ॲप्लाय’ म्हणजे तेव्हा केला नाही, तो विषय मिटला. मराठीतले साधे ‘मी अर्ज केला नाही’ हे दोन्ही अर्थ सांभाळते आणि नेमका कोणता हे पुढच्या-मागच्या बोलण्यावरून ठरते. इंग्रजीत ते क्रियापदातच ठरवावे लागते. एखाद्या कामाची विचारणा झाली असता ‘आय डिड नॉट डू इट’ असे उत्तर गेले तर विचारणाऱ्याला वाटते की काम सोडूनच दिले. बोलणाऱ्याच्या मनात बिचाऱ्याच्या ‘अजून’ असतो, पण तो ऐकू जात नाही.

प्रवासाच्या अनुभवापुरती एक सोय मात्र मराठीने आपल्याला दिली आहे. ‘शी हॅज गॉन टू लंडन’ आणि ‘शी हॅज बीन टू लंडन’ यांतला फरक अनेकांना वर्षानुवर्षे गोंधळात टाकतो. ‘ती लंडनला गेली आहे’ आणि ‘ती लंडनला जाऊन आली आहे’ असे म्हणून पाहावे. पहिल्या वाक्यातली बाई तिकडेच आहे, दुसऱ्यातली परत आली आहे. स्वतःचा अनुभव सांगणारा माणूस समोर बसलेला असतो, म्हणजे तो जाऊन आलेलाच असतो, म्हणून त्याच्या तोंडी नेहमी ‘आय हॅव बीन’ येते. ‘आय हॅव गॉन टू लंडन’ हे वाक्य घरी चिठ्ठी लिहून ठेवण्यापुरतेच उपयोगी आहे. कधी गेलात असे विचारले की पुन्हा ‘आय वेंट इन मार्च’.

अखेरीस, आजच घडलेल्या गोष्टींविषयी आणि अमेरिकन इंग्रजीविषयी थोडे सांगतो, कारण हे प्रश्न हमखास येतात. ‘धिस मॉर्निंग’ हा शब्द दोन्ही काळांबरोबर येतो. सकाळ अजून चालू असताना ‘आय हॅव सीन थ्री पेशंट्स धिस मॉर्निंग’ म्हणता येते, कारण दुपारपर्यंत चौथा येऊ शकतो. संध्याकाळी तेच सांगायचे तर ‘आय सॉ थ्री पेशंट्स धिस मॉर्निंग’, कारण सकाळ मिटलेली आहे. ‘टुडे’ दिवसभर उघडा राहतो, तरी आज अमुक वाजता असे म्हटले की तोही मिटतो. अमेरिकन बोलण्यात ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’ आणि ‘येट’ यांच्याबरोबर साधा भूतकाळ सर्रास चालतो, ‘डिड यू ईट येट?’ किंवा ‘आय ऑलरेडी टोल्ड हिम’ अशी वाक्ये तिथे कोणालाही खटकत नाहीत. ब्रिटिश वळणाच्या परीक्षेत मात्र अशा जागी पूर्ण वर्तमानकाळाची अपेक्षा असते. ही ढील नुकत्याच घडलेल्या गोष्टींपुरती आहे. आयुष्यभराच्या अनुभवाच्या बाबतीत तिकडचे बोलणेही फारसे वेगळे नाही, आणि ‘आय हॅव टोल्ड हिम यस्टरडे’ हे वाक्य अमेरिकन कानालाही तेवढेच खटकते.